लाईट बिल ऑटोपेवर टाकताय? आधी मागच्या बारा महिन्यांचे युनिट बघा

लाईट बिल ऑटोपेवर टाकायला पाच मिनिटं लागतात. पण आकडा चुकलेलं बिलही ऑटोपे तितक्याच निमूटपणे भरून टाकतो, आणि खात्यातून गेलेले पैसे परत मिळवण्यापेक्षा न भरलेलं बिल दुरुस्त करून घेणं सोपं असतं. म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवलाय: आधी नोंदणी, मग जुना वापर, आणि त्यावरून ऑटोपेची मर्यादा.

नोंदणीसाठी कोणतंही जुनं बिल समोर ठेवा. त्यावरचे दोन आकडे लागतात, १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट. कोल्हापुरात वीज महावितरणची, त्यामुळे wss.mahadiscom.in या पोर्टलवर किंवा महावितरणच्या मोबाईल अॅपवर नवीन वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची. हे दोन आकडे, मोबाईल नंबर आणि ईमेल द्यायचा, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड ठरवायचा. बिल अजून आजोबांच्या नावावर असलं तरी अडत नाही, कारण खातं ग्राहक क्रमांकावरून जोडलं जातं. गावाकडच्या घराचं किंवा दुकानाचं कनेक्शनही त्याच लॉगिनमध्ये जोडता येतं. मोबाईल नंबर बिलाशी जोडलेला नसेल तर आधी हा एसएमएस 9930399303 वर पाठवा:

```
MREG <१२ अंकी ग्राहक क्रमांक>
```

ही पायरी टाळू नका. रीडिंग झालं, किती युनिट लागले, बिल किती आलं, याचे मेसेज याच नंबरवर येतात.

आता लॉगिन करून जुनी बिलं उघडा. प्रत्येक बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांतल्या फरकाचे युनिट असतात. रुपये बघू नका, युनिट बघा. दर बदलतात, मागची थकबाकी बिलात मिसळते, त्यामुळे रुपयांवरून काही कळत नाही. बारा महिन्यांचे युनिट कागदावर एका ओळीत लिहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखे, कूलर आणि फ्रिजमुळे वापर चढतो, थंडीत गीझरमुळे थोडा. म्हणून या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा.

एखाद्या महिन्यात 'लॉक्ड' किंवा 'आरएनए' असा शेरा दिसला तर ते रीडिंग खरं नाही. दार बंद होतं किंवा रीडिंग मिळालंच नाही, म्हणून सरासरीने बिल लावलेलं असतं. पंचगंगेला पूर आला की असे महिने हमखास येतात. त्यानंतरचं पहिलं खरं रीडिंग साहजिकच मोठं दिसतं. तिथे घाबरायचं नाही, फक्त दोन गोष्टी तपासायच्या. सरासरीने घेतलेले पैसे वजा झालेत का? आणि सगळे युनिट तितक्या महिन्यांत वाटून स्लॅब लावलाय का?

खरी चूक कशी दिसते, ते एका उदाहरणात पाहू. समजा राजारामपुरीतलं चार माणसांचं घर आहे. महिन्याला १२० ते १४० युनिट लागतात, मे महिन्यात फार तर १६५. जूनचं बिल आलं ४३० युनिटचं. बिलावर १२ मेचं रीडिंग ६४१८ आणि १२ जूनचं ६८४८. बिल हातात पडलं २१ जूनला. अशा वेळी पहिल्यांदा चप्पल घालून मीटरपाशी जायचं. मीटरची पाटी आळीपाळीने तारीख, वेळ, कमाल मागणी असं काहीबाही दाखवते. आपल्याला हवा तो फक्त केडब्ल्यूएच (kWh) लिहिलेला आकडा, दशांश चिन्हाच्या आधीचा. तिथे दिसतंय ६५८६.

आज २१ तारखेला मीटर ६५८६ वर आहे, मग नऊ दिवसांपूर्वी ते ६८४८ वर कसं असेल? घरगुती मीटर उलटं फिरत नाही. हा पुरावा पुरेसा आहे, पण खरा आकडाही काढता येतो. १२ मे ते २१ जून या ४० दिवसांत १६८ युनिट गेले, म्हणजे दिवसाला ४.२. तर ३१ दिवसांचे झाले १३०, आणि १२ जूनचं रीडिंग ६५४८. ६५४८ चं ६८४८ झालं. धुळकट काचेतून ५ चा ८ दिसला, एवढीच भानगड. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असेल तर मोठा करून बघा, बहुतेक वेळा तिथेच कळतं.

“पुढच्या महिन्यात आपोआप जुळेल की!” असं शेजारी सांगतीलच. युनिट जुळतीलही, पण पैसे जुळत नाहीत. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला चढतो. १३० युनिटमधले फक्त ३० दुसऱ्या टप्प्यात जातात. ४३० मधले २०० दुसऱ्या टप्प्यात आणि १३० त्याहून महाग तिसऱ्या टप्प्यात. म्हणून बिल दुरुस्तच करून घ्यायचं.

मीटरचा फोटो घ्या, त्यात मीटर क्रमांक आणि आकडा दोन्ही यायला हवेत. पोर्टलवर किंवा अॅपवर बिलाची तक्रार नोंदवा, 1912 वरही नोंदवता येते, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सोबत उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. निकाल लागेपर्यंत वीज तोडतील ही भीती असते. त्यासाठी वीज कायदा २००३ चं कलम ५६ लक्षात ठेवा. वाद चालू असताना, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वीज तोडता येत नाही. अर्जात 'निषेधासह भरणा' हे शब्द घाला. तिथे दाद लागली नाही तर पुढे कोल्हापुरातच ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

मीटरवरचा आकडा बिलाशी जुळतोय आणि तरी वापर दुप्पट दिसतोय, तर प्रकरण वेगळं. घराचा मेन स्विच बंद करा. तरीही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर मेन स्विचच्या आधी कुठे तरी वीज जातेय किंवा मीटर पळतंय. वायरमनला बोलवा आणि मीटर तपासणीचा अर्ज द्या.

आता ऑटोपे. यूपीआय अॅपमध्ये वीज बिलात महावितरण निवडून ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट टाका. नाव बरोबर दिसतंय ना, बघा. मग ऑटोपे चालू करा. जिथे कमाल रक्कम विचारतात तिथे लोक सवयीने मोठा आकडा ठोकून देतात, तसं करू नका. वर्षातलं सर्वांत मोठं बिल १,९०० रुपयांचं असेल तर मर्यादा २,३०० ठेवा. म्हणजे ४३० युनिटसारखं बिल आलं की ते मर्यादेतच बसत नाही, पैसे कटत नाहीत आणि तुम्हाला मेसेज येतो. तो मेसेज म्हणजेच मीटरपाशी जायचा निरोप. मात्र त्याकडे दुर्लक्ष केलंत तर मुदत टळेल, हेही खरं. मर्यादेत बसणाऱ्या बिलाचे पैसे कटण्याच्या २४ तास आधीही सूचना येते, ती आली की युनिट एकदा नजरेखालून घाला. कटण्याची तारीख निवडता येत असेल तर बिलावर लवकर भरण्याच्या सवलतीची जी तारीख असते, तिच्या दोन दिवस आधीची धरा. सुरक्षा ठेवीचं बिल मात्र वेगळं येतं, ते हाताने भरावं लागतं.

उन्हाळ्यात नवा एसी बसवलात तर त्याच दिवशी मर्यादाही वाढवा, नाहीतर मेचं बिल ऑटोपेत अडकून बसेल.