घटाचे व्होल्टेज कमी आले की दोष संहतीवर ढकलू नका: या चुका टाळा

जस्त आणि तांबे यांच्या डॅनियल घटाचे प्रमाण विभवांवरून काढलेले व्होल्टेज ०.३४ − (−०.७६) म्हणजे १.१० व्होल्ट येते, आणि प्रयोगात ०.९४ व्होल्ट दिसले की बहुतेक प्रयोगवह्यांत ‘द्रावणे १ मोलर नव्हती’ असे कारण लिहिलेले आढळते. फरक किती आहे हे न पाहता दिलेले हे कारण सहसा टिकत नाही. २५ अंश सेल्सियसला नर्न्स्टच्या समीकरणानुसार या घटात संहतींचे गुणोत्तर दहापटीने बदलले तर व्होल्टेज केवळ ०.०३ व्होल्टने बदलते. शिवाय दोन्ही द्रावणे ०.१ मोलर असतील तर गुणोत्तर १ राहते आणि अपेक्षित उत्तर पुन्हा १.१०च येते. जस्ताचे द्रावण ०.१ मोलर आणि मोरचुदाचे ०.००१ मोलर घेतले, तरी उत्तर १.०४ च्या खाली जात नाही.

मग उरलेले व्होल्टेज कुठे गेले? शाळा-महाविद्यालयांतील काट्याचा व्होल्टमीटर स्वतःच घटातून विद्युतधारा ओढतो, याचा विसर पडणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. समजा मीटरचा रोध ३००० ओहम आहे आणि गाळणकागदाच्या अरुंद पट्टीच्या क्षारसेतूमुळे घटाचा अंतर्गत रोध ५०० ओहम झाला आहे; तर मीटर १.१० × ३००० ÷ ३५०० म्हणजे सुमारे ०.९४ व्होल्टच दाखवील. त्याच घटाला १ कोटी ओहम रोधाचा डिजिटल मल्टिमीटर जोडला, तर या कारणाने होणारी घट एक मिलिव्होल्टही भरत नाही. मल्टिमीटर हाताशी नसेल तर पट्टी रुंद करून आणि मिठाच्या द्रावणात पुन्हा नीट भिजवून पाहावी. वाचन वाढले तर दोष रोधाचा आहे, आणि तसेच राहिले तर जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने घासून तिच्यावरचा ऑक्साइडचा थर काढावा.

मॅग्नेशियमचे प्रकरण मात्र वेगळे आहे. मॅग्नेशियम-तांबे घटाचे अपेक्षित व्होल्टेज २.७१ असले तरी उत्तम मीटरवरही ते बहुधा २ व्होल्टच्या खालीच मिळते, आणि एवढा फरक संहतीने पडायचा तर गुणोत्तर १ वर किमान २४ शून्ये इतके असावे लागेल, जे अशक्य आहे. पट्टीकडे निरखून पाहिल्यास तिच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे दिसतात: धातू विरघळणे आणि पाण्यापासून हायड्रोजन सुटणे या दोन्ही क्रिया एकाच पृष्ठभागावर चालू असल्यामुळे मीटरला मॅग्नेशियमचे समतोल विभव मिळत नाही, तर दोन्हींच्या मधले एक मिश्र विभव मिळते. घासल्यावर वाचन थोडे वर जाते आणि पृष्ठभागावर पुन्हा थर धरू लागला की सरकू लागते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा थर आणखी चिवट असतो. म्हणून अशा घटांच्या निरीक्षणात व्होल्टेजसोबत बुडबुडे दिसले की नाही आणि घासल्यानंतर किती वेळाने वाचन घेतले, हेही नोंदवावे.