आरओची टाकी भरत नव्हती, पण मेम्ब्रेन ठणठणीत होता (माझा अनुभव, जळगाव)

बोअरचं पाणी, मोटर रात्रभर घुरघुरायची आणि सकाळी टाकी जेमतेम अर्धी. टाकी धुतली, नळ्या झटकल्या, फरक शून्य. मेकॅनिक थेट मेम्ब्रेन बदला म्हणाला. वैताग आला.

आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला: बोअरचा ८५०, शुद्ध पाण्याचा ६०. म्हणजे मेम्ब्रेन काम करतोय. शुद्ध पाण्याचा आकडा बोअरच्या पाचव्या हिश्श्यावर, इथे १७० वर, गेला की मेम्ब्रेन बदलायचा.

मग बाहेरच्या प्री-फिल्टरच्या बाऊलनंतरची नळी बादलीत सोडली. बाऊलच्या आधी जोरदार धार, नंतर नुसती ठिबक. चोंदलंय ते इथेच!

प्लग काढला, पाण्याचा कॉक बंद केला, पान्याने बाऊल उघडला. पांढरी कॅन्डल मातकट तपकिरी झाली होती, बोट फिरवलं तर गाळाचा चिकट थर. ही कॅन्डल घासून वापरू नका, गाळ आतपर्यंत रुतलेला असतो. बाऊल धुतला, रबरी रिंग पुसून खाचेत नीट बसवली (ती वाकडी बसली की गळती ठरलेली), नवी कॅन्डल घातली. नळी बादलीतच ठेवून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडलं, मग जोडली. पहिली टाकी ओतून दिली.

आता टाकी दुपारपर्यंत भरते.