आकृती हरवलेला पॅराबोला: नाभी, नियता आणि शिरोबिंदू शोधताना या चुका टाळा

नौपाड्यातील माझ्या शिकवणीत अकरावीची मुले जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतील पुष्कळसे झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून उतरवलेले असतात. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' हे शब्द शिल्लक राहतात आणि आकृती मात्र कापली गेलेली असते. अशा वेळी सर्वांत जास्त होणारी चूक एकच आहे: पहिले अक्षर दिसले की तो शिरोबिंदू आणि दुसरे दिसले की ती नाभी, असे गृहीत धरून सूत्र लिहायला लागणे.

गेल्या वर्षी एका सराव पत्रिकेत असा प्रश्न होता: 'आकृतीतील पॅराबोलाच्या अक्षावर A(2, 3) आणि B(6, 3) हे बिंदू आहेत. त्याचे समीकरण काढा आणि त्यावरील P(6, 7) या बिंदूचे नियतेपासूनचे अंतर सांगा.' आकृती नव्हती. जवळजवळ सर्व वर्गाने A ला शिरोबिंदू आणि B ला नाभी मानले, a = 4 घेतले आणि (y − 3)² = 16(x − 2) असे समीकरण लिहून नियता x = −2 ठरवली. त्यावरून P चे नियतेपासूनचे अंतर 8 आले आणि वह्या मिटल्या. मी फळ्यावर B पासून P पर्यंतचे अंतर काढायला लावले. ते 4 भरले. वक्रावरील प्रत्येक बिंदू नाभीपासून आणि नियतेपासून सारख्याच अंतरावर असतो, ही तर पॅराबोलाची व्याख्याच आहे, त्यामुळे 4 आणि 8 एकाच उत्तरात राहू शकत नाहीत.

अक्षावर तीन जागा महत्त्वाच्या असतात: नाभी S, शिरोबिंदू V आणि अक्ष नियतेला जिथे छेदतो तो बिंदू Z. V हा नेहमी Z आणि S यांच्या बरोबर मध्ये असतो. A आणि B या तिघांपैकी कोणतेही दोन असू शकतात आणि त्यांचा क्रमही उलटा असू शकतो, म्हणून एकूण सहा वेगवेगळे पॅराबोला निघतात. A नियतेवर आणि B नाभी मानल्यास शिरोबिंदू (4, 3) आणि a = 2 मिळतात; समीकरण (y − 3)² = 8(x − 4) होते. त्यात (6, 7) घातल्यास दोन्ही बाजू 16 येतात. उरलेल्या पाचांपैकी एकही P मधून जात नाही. म्हणजे नियता x = 2 आहे आणि मागितलेले अंतर 4 आहे. हरवलेल्या आकृतीची माहिती P मध्येच होती, पण समीकरण मिळाले म्हणजे काम संपले असे समजणाऱ्या मुलांनी ते ताडून पाहिलेच नाही.

माझी स्वतःची सवय अशी आहे की मी आधी अक्षाची रेघ काढून तिच्यावर Z, V, S असे लिहितो आणि दिलेल्या बिंदूंची नावे त्यांच्याखाली पेन्सिलीने बसवून पाहतो. निर्णय देणारा तिसरा बिंदू मिळेपर्यंत ती नावे मी पेनाने लिहीत नाही. असा बिंदू प्रश्नात कुठेच नसेल, तर एकच उत्तर निघत नाही आणि तसे स्पष्ट लिहावे. तिसरा बिंदू असला तरी तो x = 4 या रेषेवर पडल्यास निर्णय होत नाही, कारण हे सहा वक्र जोडीजोडीने त्या रेषेभोवती एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असतात.

दुसरी चूक वक्र शिल्लक राहून केवळ खुणा पुसल्या गेल्यावर होते. मुले 'पोटात कुठेतरी' नाभी ठेवतात. त्याऐवजी दोन समांतर जीवा काढून त्यांचे मध्यबिंदू जोडावेत. ती रेघ अक्षाला समांतर असते. तिला लंब असलेल्या एका जीवेच्या मध्यातून समांतर रेघ काढली की खरा अक्ष मिळतो आणि तो वक्राला जिथे छेदतो तो शिरोबिंदू. आता शिरोबिंदूतून वक्राच्या आतल्या बाजूला अशी रेघ काढावी की अक्षावर एक एकक पुढे गेल्यास ती दोन एकके वर चढते. ती वक्राला पुन्हा जिथे भेटते तिथून अक्षावर टाकलेल्या लंबाचा पाय हीच नाभी होय. y² = 4ax मध्ये y = 2x घालून x = a येते का, ते स्वतः करून पाहावे. मात्र फोटो एका दिशेने ताणला गेला असेल किंवा दोन अक्षांची मापनश्रेणी वेगळी असेल, तर ताणलेला वक्रही पॅराबोलाच दिसतो, पण या रीतीने सापडलेली नाभी मूळ वक्राची राहत नाही. अशा वेळी अक्षांवरील आकडे वाचून समीकरणच काढावे.

y² = 8x मध्ये a हा 2 असतो, 8 किंवा 4 नव्हे. त्याची नियता ही रेषा असल्याने उत्तर 'x = −2' असे लिहावे, नुसते −2 नको.