बॅलन्स कन्फर्मेशनचं उत्तर जुळत नाही? या चुका टाळा

३१ मार्चचा बॅलन्स कन्फर्म करायला पार्ट्यांना पत्रं जातात आणि बऱ्याच ठिकाणी पत्रात नुसता आकडा असतो, सोबत लेजर नसतं. मग समोरचा अकाउंटंट एकतर न बघता सही ठोकतो नाहीतर 'आमच्याकडे एवढे दिसत नाहीत' म्हणून मोकळा होतो. बिलवार लेजर पाठवा आणि त्यांचंही मागवा.

समजा आपल्याकडे पार्टीचे ५,१२,४०० येणं आहे आणि त्यांचं उत्तर आलं ४,२७,४०० चं. फरक बरोब्बर ८५,०००, त्यामुळे एखादं पेमेंट टाकायचं राहिलं असणार असं वाटतं आणि लोक बँक स्टेटमेंट चाळत बसतात. दोन्ही लेजर समोरासमोर ठेवून जुळलेल्या एंट्र्या टिक करत गेलं तर मात्र तीन गोष्टी उरतात.

पहिली, ३० मार्चचं ७०,८०० चं बिल. माल त्यांच्याकडे ३ एप्रिलला पोचला म्हणून त्यांनी एप्रिलमध्ये घेतलंय. इथे लगेच आपलंच बरोबर म्हणू नका, आधी पीओतली डिलिव्हरीची अट आणि ट्रान्सपोर्टची एलआर बघा. माल आपल्या गेटवरून सुटला की जबाबदारी त्यांची असं ठरलं असेल तर विक्री मार्चचीच, फरक फक्त रिकन्सिलिएशनमध्ये दाखवायचा. पण त्यांच्या दारात पोचेपर्यंत जोखीम आपली असेल तर ती विक्री एप्रिलची, मार्चमधून काढावी लागेल आणि तो माल स्टॉकमध्ये धरावा लागेल (हे हमखास विसरतात).

दुसरी, १,२०,००० च्या लेबर बिलावर त्यांनी कापलेला २ टक्के टीडीएस, म्हणजे २,४००. एप्रिलमध्ये २६एएसमध्ये दिसत नाही म्हणून घाबरू नका, शेवटच्या तिमाहीचं रिटर्न भरायची मुदत ३१ मेपर्यंत असते. टीडीएस रिसिव्हेबलला टाका आणि जूनमध्ये परत बघा.

तिसरी, ११,८०० ची रिजेक्शनची डेबिट नोट. माल २८ मार्चला परत आलाय, गेटच्या रजिस्टरला नोंदही आहे, पण कागद अकाउंट्सपर्यंत आलाच नाही. ही चूक आपली, क्रेडिट नोट मार्चच्या हिशोबात धरायची.

सगळ्यात वाईट म्हणजे ८५,००० ची एकच जेव्ही डिस्काउंटला मारून बॅलन्स जुळवणे. असं केलं तर टीडीएसचं क्रेडिट आपणच सोडून दिलं आणि पुढे ७०,८०० चं पेमेंट आलं की पार्टीचं खातं क्रेडिटला दिसणार.

आणि 'सात दिवसांत उत्तर नाही आलं तर बॅलन्स मान्य समजू' या ओळीवर मोठ्या येण्यासाठी विसंबू नका, गप्प बसलेल्या पार्टीने पत्र उघडलंय की नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नसतं. एकदा आठवण करा, तरी उत्तर नाही तर एप्रिल-मेमध्ये त्यांच्याकडून आलेले पैसे कुठल्या बिलांचे आहेत ते बँकेशी लावून दाखवा, आणि जे बिल अजून बाकी आहे त्याचा शिक्का मारलेला डिलिव्हरी चलन काढून ठेवा, ऑडिटर तेच मागतो.