पेरणीआधीची बिलं: लवकर भरून सूट घ्यावी की मुदत वापरावी?

पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि खतांची बिलं एकदम येतात. त्यांवर बऱ्याचदा अशी अट असते: १० दिवसांत पैसे भरले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात आणि लवकर भरायला काढलेल्या कर्जाचे, समजा, १२ टक्के मोठे. पण १२ टक्के वर्षाचे आहेत, तर २ टक्के फक्त २० दिवसांचे. तुलना करायची तर दोन्ही दर वर्षाचे करून घ्या.

समजा बिल ५०,००० चं आहे. दहाव्या दिवशी भरलं तर ४९,००० लागतात. तोवर थांबायला काहीच पडत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी भरायची घाई नको. तिसाव्या दिवशी भरलं तर ४९,००० वीस दिवस वापरायचे १,००० जादा मोजले. १,००० भागिले ४९,०००, म्हणजे २.०४ टक्के. त्याला ३६५ भागिले २० ने गुणलं की वर्षाला सुमारे ३७ टक्के होतात. १२ टक्क्यांनी ४९,००० काढले, तर २० दिवसांचं व्याज सुमारे ३२२. सूट घेऊन ६७८ हातात राहतात.

इथे एक शंका हमखास येते: पैसा तर पीक विकल्यावर येणार, मग चार महिन्यांचं व्याज धरायला नको का? नको. तिसाव्या दिवशीही बिल भरायला कर्जच काढावं लागणार असेल, तर त्यापुढचं व्याज दोन्हीकडे पडतंच. लवकर कर्ज काढल्याने वाढतात ते फक्त २० दिवस.

दुकानदार पीक येईपर्यंत थांबत असेल, तर मात्र उत्तर उलटू शकतं. ३ टक्के सूट १० दिवसांत, नाहीतर १३० दिवसांत पूर्ण रक्कम, अशी अट घ्या. सूट आधीपेक्षा जास्त आहे, पण मुदत १२० दिवसांची मिळते. ३ भागिले ९७, गुणिले ३६५ भागिले १२०: वर्षाला ९.४ टक्के. १२ टक्क्यांचं कर्ज काढून ही सूट घेणं तोट्याचं, उधारीच स्वस्त. म्हणून सुटीच्या टक्क्यांइतकेच दिवसही नीट मोजा, आणि मुदत बिलाच्या तारखेपासून धरतात की माल पोचल्यापासून, हे आधी विचारून घ्या.

कर्जाचे इतर खर्च विसरू नका. पहिल्या उदाहरणात फक्त सूट घेण्यासाठी कर्ज काढलं आणि त्याचं प्रक्रिया शुल्क ५०० लागलं, तर ६७८ मधले १७८ च उरतात; शुल्क ७०० असेल तर सूट सोडलेली बरी. आधीच मंजूर असलेल्या खात्यातून उचल होत असेल आणि वेगळं शुल्क नसेल, तर हा प्रश्न येत नाही. घरचेच पैसे असले तरी मजुरी आणि डिझेलपुरते बाजूला ठेवून मगच बिल भरा. त्या खर्चासाठी पुढे महाग उसनवारी करावी लागली, तर वाचवलेले ६७८ तिच्या व्याजात जातील.