कोणती माती किती पाणी धरते? सातवीचा मातीचा प्रकल्प

तीन माती पुरे: शेतातली काळी, तांबडी आणि नदीची वाळू. एक लिटरच्या तीन बाटल्या मधोमध कापा, झाकणाकडचा भाग नरसाळ्यासारखा उलटा ठेवा, तोंडाला सुती कापड बांधा. एवढं कोणीही करेल.

चुकतं ते काळ्या मातीत. पहिल्या वर्षी मी मुलांना ऐन मे महिन्यात शेतातून ढेकळं आणू दिली आणि ती तशीच बाटलीत भरली. ओतलेलं पाणी सरसर खाली! काळी माती सर्वांत कमी पाणी धरते, असं मुलांनी वहीत लिहून टाकलं. पाणी मातीतून गेलंच नव्हतं. ढेकळांमधल्या फटींतून आणि बाटलीच्या कडेने निसटलं होतं. काळी माती वाळली की आकसते, भिजली की फुगते. त्यामुळे कोरड्या ढेकळांवरचा प्रयोग फटी मोजतो, माती नाही.

म्हणून तिन्ही माती कागदावर पातळ पसरून दोन दिवस उन्हात वाळवा, लाटण्याने फोडा (घरच्या लाटण्याने नको, बोलणी बसतात) आणि रव्याच्या चाळणीने चाळा. प्रत्येकी २०० ग्रॅम तोलून घ्या. ‘एक वाटी माती’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण वाटीभर वाळू वाटीभर काळ्या मातीपेक्षा जड असते. बाटली हलकेच आपटून माती बसवा आणि २०० मिली पाणी मधोमध, चमच्याचमच्याने ओता. कडेने ओघळ दिसला की थांबा, माती भिजू द्या.

वाळूतलं पाणी काही मिनिटांत गळून जातं. काळ्या मातीला मात्र रात्रभर लागते, तोवर वरून झाकण ठेवा. घाईने तासाभरात मोजलंत, तर वर साचलेलं पाणीही ‘धरलेलं’ ठरेल.

आमच्या एका खेपेला काळ्या मातीखाली ९० मिली जमलं, म्हणजे तिने ११० मिली धरलं. तांबडीने ७०, वाळूने ४५. नुसतं कापडच ५ मिली पितं, तेव्हा ते तिन्हींतून वजा करा: १०५, ६५, ४०. वेळही लिहा, जास्त पाणी धरणं आणि लवकर झिरपू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाढीसाठी भोकं पाडलेल्या पेल्यांत प्रत्येकी पाच मूग पेरा, तिन्ही पेले एकाच खिडकीत ठेवा आणि सारखंच पाणी घाला. आठव्या दिवशी निकाल लिहू नका. तोवर रोप दाण्यातल्या अन्नावर वाढतं, म्हणून वाळूतलंही टुमदार दिसतं. मातीचा फरक साधारण तिसऱ्या आठवड्यात पानांच्या संख्येत आणि रंगात दिसू लागतो. काळ्या मातीतलं रोप पिवळं पडलं तर ‘माती वाईट’ लिहिण्याआधी पेल्याच्या तळाची भोकं बुजलीत का, ते बघा.