सुत्ताचा संदर्भ देताना या चुका टाळा

जळगाव, भुसावळ किंवा शहाद्याकडील विहारांमध्ये वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर कालामसुत्ताचा, म्हणजे बुद्धांनी कालाम लोकांना केलेल्या उपदेशाचा, संदर्भ कधीकधी ‘अंगुत्तरनिकाय, अध्याय ३, श्लोक ६५’ असा दिलेला आढळतो. गीतेच्या सवयीने तो स्वाभाविक वाटला, तरी तो चुकीचा आहे, कारण येथील ३ म्हणजे तिकनिपात, अर्थात तीन-तीन गोष्टींवरील सुत्तांचा विभाग, आणि ६५ हा त्या विभागातील संपूर्ण सुत्ताचा क्रमांक आहे. म्हणून ‘अंगुत्तरनिकाय ३.६५’ एवढेच लिहावे. दीघ आणि मज्झिम या निकायांत, म्हणजे सुत्तसंग्रहांत, सुत्ते सलग मोजलेली असल्याने एकच आकडा पुरतो, जसे सतिपट्ठानसुत्त म्हणजे मज्झिम १०. संयुत्तनिकायात मात्र पहिला आकडा संयुत्ताचा, म्हणजे एका विषयावरील सुत्तांच्या गटाचा, असतो, जसे धम्मचक्कप्पवत्तनसुत्त ५६.११.

खरी अडचण पुढे येते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची देवनागरी आवृत्ती उघडून तिकनिपातातील ६५वे सुत्त वाचू लागल्यास कालामांऐवजी राजगृह आणि सरभ नावाचा परिव्राजक भेटतो. पान चुकलेले नसते. छट्ठसंगायनाच्या, म्हणजे सहाव्या बौद्ध संगीतीच्या, त्या पाठात क्रमांक एकाने पुढे गेलेला असून हवे असलेले सुत्त ६६वे आहे. शिवाय तेथे शीर्षक ‘केसमुत्तिसुत्त’ असे असल्यामुळे अनुक्रमणिकेत ‘कालाम’ शोधणाऱ्याला ते सापडतच नाही. एखादे सुत्त कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते याची मोजणी आवृत्तीगणिक बदलते, आणि छोट्या सुत्तांच्या अंगुत्तर व संयुत्त निकायांत हा फरक विशेष जाणवतो. अशा वेळी मागचे-पुढचे सुत्त उघडून स्थळ आणि श्रोते पाहावेत. कोसल देशातील कालामांचे गाव दिसले, की सुत्त सापडले. सुत्तसेंट्रल या संकेतस्थळावर मात्र `an3.65` हाच क्रमांक चालतो.

तिसरी चूक अभ्यासू वाचकांकडूनही होते. जुन्या ग्रंथांच्या तळटीपांत याच सुत्तासाठी `A I 188` असे लिहिलेले असते, आणि ते पहिल्या निपातातील १८८वे सुत्त समजून शोधले जाते. वस्तुतः A म्हणजे अंगुत्तर, आणि पुढे लंडनमध्ये स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन लिपीतील आवृत्तीचा पहिला खंड आणि त्यातील १८८वे पान आहे. मोठा रोमन आकडा दिसला, की खंड आणि पान असे वाचावे. दोन आकड्यांमध्ये बिंदू असेल, तर बहुधा विभाग आणि सुत्त. भाषांतराच्या पुस्तकातील पानाशी या १८८चा संबंध नसतो, हेही लक्षात असू द्यावे.

धम्मपद हा अपवाद आहे. त्यात १ ते ४२३ अशा गाथा सलग मोजतात, त्यामुळे वग्गाचे, म्हणजे प्रकरणाचे, नाव न देताही ‘धम्मपद १८३’ एवढे पुरते.

स्वतः लिहिताना क्रमांकासोबत सुत्ताचे नाव आणि आवृत्ती द्यावी: ‘अंगुत्तरनिकाय ३.६५ (छट्ठसंगायन ३.६६), केसमुत्तिसुत्त म्हणजेच कालामसुत्त’. ओळ लांब होते खरी, पण दोनपैकी कोणतीही आवृत्ती हाती असली तरी वाचक थेट त्या सुत्तापर्यंत पोहोचतो.